मुलाखतीतला प्रसंग आणि त्यातली हरवलेली ‘कृती’

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत तीन वर्षे क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. पुण्याच्या मुलाखतीत ‘अडचण सोडवल्याचा एखादा प्रसंग सांगा’ असे विचारले. मी पाच मिनिटे बोललो, तरी शेवटी ‘ते ठीक आहे, पण तुम्ही काय केलंत?’ असेच विचारले गेले. माझ्याकडे रिजेक्शन कमी केल्याचा एकच प्रसंग आहे. परिस्थिती, कृती, परिणाम या पद्धतीने तो कसा बसवायचा?

उत्तर :

मुलाखत देणाऱ्यांच्या बाजूला मी थोडी आणि घेणाऱ्यांच्या बाजूला बरीच वर्षे बसलो आहे. आपल्या भागातली मुले हमखास अडखळतात ती कृतीच्या भागात. परिस्थिती आपण रंगवून सांगतो आणि परिणाम एका वाक्यात उरकतो. मधल्या भागात मात्र ‘मग आम्ही सगळ्यांनी मिळून ते सोडवले’ एवढेच उरते. ‘मी केले’ म्हणणे म्हणजे स्वतःची टिमकी वाजवणे असे लहानपणापासून मनावर बिंबलेले असते, त्यामुळे ‘आम्ही’ सहज तोंडात येते. समोरच्या माणसाला मात्र संपूर्ण विभागाला नोकरी द्यायची नसते, म्हणून तो तुमचा वाटा शोधत राहतो.

माझ्या हाताखाली काम केलेल्या एका मुलाचा प्रसंग तुमच्याशी जुळणारा आहे, तोच उलगडून दाखवतो. त्याने पहिल्यांदा मला जे सांगितले ते असे होते : ‘आमच्याकडे बोअरचे रिजेक्शन फार होते, ग्राहक नाराज होता, मग आमच्या टीमने अभ्यास करून ते कमी केले.’ यात एकही शब्द खोटा नव्हता, पण त्याने स्वतः काय केले याचाही त्यात मागमूस नव्हता. मी त्याला तासभर प्रश्न विचारत बसलो, तेव्हा खरी हकीकत बाहेर आली.

फ्लँजचा बोअर, म्हणजे मधले भोक, 40 एच7 होते, म्हणजे ते 40.000 ते 40.025 मिलिमीटर या हद्दीत यायला हवे होते. पाचशे नगांच्या एका लॉटमध्ये अडतीस नग मोठ्या बोअरचे निघाले. कापणाऱ्या टूलची इन्सर्ट झिजत असेल असे सगळे म्हणत होते. या मुलाच्या मनात मात्र एक साधा विचार आला : बोअरिंग करताना इन्सर्ट झिजली तर बोअर लहान येईल, मोठा कसा येईल? त्याने पुढच्या लॉटमध्ये चार दिवस मशीनजवळ उभे राहून प्रत्येक नगावर मार्करने क्रमांक टाकला आणि बोअर गेजने घेतलेले माप वेळेसह वहीत उतरवले. रोज सकाळी पहिले सहा-सात नग व्यवस्थित येत, नंतर माप चढत जाई आणि तासाभराने ऑपरेटरने ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरलेली टूलच्या जागेची दुरुस्ती, बदलला की पुन्हा हद्दीत येई. कंपनी एकाच पाळीत चालत असल्याने मशीन रात्रभर थंड पडलेले असे आणि त्या थंड अवस्थेत लावलेला ऑफसेट मशीन तापल्यावर चुकत असे. रोज सकाळी वीस मिनिटे मशीन रिकामे चालवावे आणि त्यानंतरच ऑफसेट लावावा, असे त्याने सुचवले. सुपरवायझरने उत्पादन बुडेल म्हणून नकार दिला. तेव्हा त्याने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला : एका नगाला तीन मिनिटे, म्हणजे अडतीस नगांत 114 मिनिटांचे काम वाया गेले, लॉट चार दिवस चालतो, म्हणजे रिकामे चालवण्यात 80 मिनिटे जातील, आणि वाया जाणारे साहित्य वाचेल ते वेगळेच. त्याप्रमाणे केल्यावर पुढच्या दोन लॉटमध्ये मिळून सात नग बाद झाले.

आता पाहा, हे सगळे त्याच्याजवळ आधीपासूनच होते. ‘अभ्यास करून’ या दोन शब्दांत त्याने इन्सर्टबद्दलची शंका, नगांवरचे क्रमांक आणि मागच्या पानावरचा हिशेब असे तिन्ही गाडून टाकले होते. म्हणून तयारी करताना प्रसंगाचा निबंध लिहू नका. तुम्ही स्वतः कोणते निर्णय घेतले, प्रत्येक निर्णयाच्या वेळी दुसरा कोणता पर्याय समोर होता आणि तो का सोडला, एवढेच आधी कागदावर उतरवा. असे दोन-तीन निर्णय सापडले की कृतीचा भाग तयार झाला. एकही सापडला नाही, तर तो प्रसंग दुसऱ्या कोणाचा आहे आणि तुम्ही तिथे हजर होतात, असे समजावे. इतरांचा वाटा लपवण्याचेही कारण नाही. ‘ऑफसेट ऑपरेटरने बदलला, माप मी घेतले’ असे स्पष्ट सांगितले की टिमकीही वाजत नाही आणि संदिग्धताही राहत नाही.

संपूर्ण उत्तर दोन मिनिटांच्या आसपास राहावे आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ कृतीला मिळावा. परिस्थिती तीन वाक्यांत संपवा : काय बनत होते, काय बिघडले, ते सोडवणे तुमच्याकडे का आले. आपल्या सांगलीकरांची इथे एक खास खोड आहे. 2019 च्या पुराचा प्रसंग सांगायला घेतला की आयर्विन पुलाजवळ पाणी कुठवर चढले यातच तीन मिनिटे जातात, ऐकणाराही रंगून जातो आणि उमेदवाराने त्या आठवड्यात कंपनीसाठी काय केले हे विचारायचेच राहून जाते. ड्रॉइंग क्रमांक आणि ग्राहकाचे नावही सांगू नका; आजच्या कंपनीची माहिती बाहेर बोलणारा माणूस उद्या आमचीही बोलेल, अशी शंका येते.

परिणामात आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच मापाने सांगावा. आधी हजारात शहात्तर आणि नंतर हजारात सात, ही तुलना चटकन कळते. ‘रिजेक्शन नव्वद टक्क्यांनी घटले’ म्हटले की ‘कशाच्या नव्वद टक्के?’ हा प्रश्न येतोच आणि उत्तर नसेल तर आधीचे सगळे बोलणे संशयास्पद ठरते. मोजणी झालीच नसेल तर आकडा रचू नका, काय बदललेले दिसले ते सांगा. उरलेले सात नग कशामुळे गेले, हेही ठाऊक असू द्या, कारण नीट ऐकणारा माणूस नेमके तिथेच बोट ठेवतो.

एकच प्रसंग आहे म्हणून अडू नका. वरच्या हकिकतीत अडचण सोडवणे आहे, तसेच वरिष्ठांशी मतभेदही आहे. ‘वरिष्ठांशी मत जुळले नाही तेव्हा काय केलेत?’ असे विचारले, तर परिस्थिती सुपरवायझरच्या नकारापासून सुरू करायची, गेज आणि क्रमांक एका वाक्यात आटोपायचे आणि वेळ मागच्या पानावरच्या हिशेबाला द्यायचा. स्वतःच्या हातून झालेल्या चुकीचा प्रसंग विचारला, तर मात्र हा वापरू नका. तुम्ही स्वतः केलेली चूक वेगळी शोधावी लागेल. आणि ‘असे झाले तर काय कराल?’ हा प्रश्न घडलेल्या गोष्टीचा नसतो, त्यावर पाठ केलेला प्रसंग ओतू नका.

पाठांतराबद्दल शेवटचे सांगतो. त्या मुलाने पहिल्या सरावात सगळे घडाघडा म्हणून दाखवले आणि मी मध्येच ‘चारच दिवस का? दोन का नाही?’ असे विचारल्यावर तो पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू झाला. तेव्हा मी त्याचा कागद काढून घेतला आणि एका चिठ्ठीवर फक्त ‘लहान की मोठा, मार्कर, सकाळ, 114–80, सात’ एवढे लिहून दिले. पुढचे आठ दिवस तो जेवणाच्या सुट्टीत कधी इंग्रजीत, कधी हिंदीत, दर वेळी वेगळ्या शब्दांत तेच सांगत होता, आणि मी दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडवत होतो.