ऑपरेशनच्या दिवशी सकाळी चहा आणि गोळ्या

प्रश्न: आईचं हर्नियाचं ऑपरेशन उद्या सकाळी ९ वाजता आहे, पूर्ण भूल देणार आहेत. तिला साखर आणि बीपी आहे. सकाळी ६ ला चहा आणि नेहमीच्या गोळ्या देऊ का?

उत्तर: दुधाचा चहा देऊ नका, साधं पाणी मात्र ७ वाजेपर्यंत थोडं थोडं चालतं. भुलेत खोकण्याची क्रिया थांबते, त्यामुळे पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात जातं. पाणी पोटातून लवकर पुढे सरकतं. दूध मात्र जेवणासारखंच धरतात, म्हणून त्याला आणि हलक्या खाण्याला भुलेआधी ६ तासांचं अंतर हवं, तळलेल्याला किंवा मटणाला ८ तासांचं. म्हणजे रात्री साधं जेवण, तेही लवकर.

गोळ्यांचं नावानुसार ठरतं. बीपीची अम्लोडिपिन घोटभर पाण्यासोबत घ्यायची. बीपीचीच टेल्मिसार्टन बहुधा त्या सकाळी टाळतात, कारण भुलेत बीपी फार उतरू शकतं. साखरेची मेटफॉर्मिन उपाशीपोटी नको. साखरेचीच डापाग्लिफ्लोझिन ३ दिवस आधीच बंद हवी. चालू असेल तर आजच फोन करून सांगा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तेही आजच विचारा, स्वतःहून थांबवू नका.

पहाटे घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर साखरपाणी द्या आणि हॉस्पिटलला कळवा. ताप, कफ किंवा चुकून खाल्लेलं बिस्कीटही लपवू नका, ऑपरेशन पुढे ढकललं तरी चालेल.

जुन्या मधुमेहात पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून भूलतज्ज्ञांनी जास्त वेळ सांगितला असेल तर तोच पाळा.