"ठासून भरल्या की पडत नाहीत" हे खरं आहे का?

प्रश्न: आम्ही घरच्या बकऱ्या पिकअपमधून बाजारात नेतो. उतरवेपर्यंत दोन-तीन लंगडतात, काहींना मुका मार लागलेला असतो. एका गाडीत किती भराव्यात? बांधून न्याव्यात की मोकळ्या?

उत्तर:

मोकळ्या न्या, आणि आत्ता जितक्या भरता त्यापेक्षा कमी भरा. किती भरता ते तुम्ही लिहिलेलं नाही, तरी सांगते, कारण आपल्याकडे थोडी जागा सोडून बाजाराला निघालेली पिकअप मी तरी पाहिलेली नाही. "ठासून भरल्या का पडत नाई, उभ्याच्या उभ्या जातेत" हे तुमच्याही घरात कोणीतरी म्हणत असेल. आमच्याकडे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हणतात. माझ्याशी थेट बोलत नाहीत, यांच्याकडे पाहून बोलतात, पण ऐकवायचं मलाच असतं. कारण वावर त्या दोघा भावांचं आणि बकऱ्या माझ्या.

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. बकऱ्या बहुतेक बेरारी. बोकड बकरी ईदसाठी राखून ठेवते. २०२४ ची ईद १७ जूनला होती. तिच्या आधीच्या बाजाराला, बडनेऱ्याला, तीन घरचे बोकड एकाच पिकअपमध्ये न्यायचं भासऱ्यांनी ठरवलं. भाडं साडेतीन हजार. एकूण बोकड २६. मी म्हटलं, दोन गाड्या करू. भासरे यांच्याकडे पाहून म्हणाले, "दुसरी गाडी कायले? मोकळी गाडी चालली तं बोकडं नुसते आपटतेत."

आता हिशेब बघा. पिकअपचा डाला साधारण नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद, म्हणजे पन्नासेक चौरस फूट. जनावरं वाहणाऱ्या गाड्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ मध्ये जी सुधारणा झाली तिच्यात एका शेळी-मेंढीमागे ०.३ चौरस मीटर जागा सांगितली आहे, म्हणजे सव्वातीन चौरस फूट. त्या मापाने त्या डाल्यात पंधरा बोकड बसतात. आमचे होते २६.

नेरच्या अलीकडे रस्त्यावर ढोरं आली आणि ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला. मागचं सगळं वजन पुढे गेलं आणि केबिनला लागून उभा असलेला माझा एक बोकड खाली बसला. खाली बसला हे कोणाला दिसलंच नाही, कारण वरून पाहिलं तर नुसत्या पाठी आणि शिंगं दिसतात. भासरे ज्याला "पडत नाहीत" म्हणतात ते हेच आहे. पडलेला दिसत नाही, एवढंच.

जनावर चालत्या गाडीत तोल कसं सांभाळतं ते पाहा. एसटीत दांड्याला न धरता उभा राहिलेला माणूस ब्रेक लागला की एक पाय पुढे टाकतो. बोकडही तेच करतो. चारही पाय फाकवतो, शेजाऱ्यावर रेलत नाही, वळणावर एखादं पाऊल हलवतो. त्या पावलाला जागाच नसली तर त्याचा पाय दुसऱ्याच्या खुराखाली येतो आणि तोल जातो. आणि एकदा खाली गेला की उठायला गुडघे टेकून मागचा भाग उचलावा लागतो, त्यालाही जागा लागते. जागा नसली तर तो तसाच खाली राहतो आणि बाकीचे त्याच्यावर उभे राहतात. मुका मार जास्त लागतो तो असा, पडल्यामुळे नाही, तुडवला गेल्यामुळे. त्यात आडवा पडून राहिला तर दुसरंच संकट. रवंथ करणाऱ्या जनावराला पोटातला वायू ढेकरेतून काढावा लागतो, आणि कुशीवर दाबून पडलेल्याला ते जमत नाही. डाव्या कुशीला पोट फुगायला लागतं आणि श्वास लागतो. म्हणूनच पाय बांधून मोटरसायकलवर आडवी टाकून नेलेली बकरी कधी कधी बाजारात उतरवेपर्यंत फुगलेली असते, आणि लोक म्हणतात उन्हाने झालं.

माझा बोकड मेला नाही. बडनेऱ्याला फाळका पाडला तेव्हा वरचे खाली आले आणि तो सापडला. तोवर दुसरा तमाशा सुरू झाला होता. फाळका उघडला की मागचे दोन पोरगे शिंगं आणि मागचा पाय धरून खाली ओढायला लागले. डाला जमिनीपासून अडीच फूट. तेवढी उडी बोकड स्वतःहून आरामात घेतो, डोंगर चढणारं जनावर आहे ते. पण शिंग धरून ओढला की तो मागे जोर लावतो, मग सुटतो तेव्हा पुढच्या गुडघ्यांवर आपटतो. शेजाऱ्याचा एक तसाच आपटला.

कुर्बानीचा गिऱ्हाईक काय पाहतो ते ठाऊक असेलच. दात पाहतो, डोळे पाहतो, कान फाटका नाही ना, शिंग मुळातून मोडलेलं नाही ना, आणि मग चालवून पाहतो. लंगडा दिसला की पुढे बोलतच नाही. माझ्या तुडवलेल्या बोकडाची किंमत घरी अठरा हजार धरली होती. तो पुढच्या पायावर वजन टाकेना. शेवटी एका खाटकाने कापायच्या भावात, साडेअकरा हजारांना घेतला. नंतर त्यानेच यांना फोन करून सांगितलं की कातडी काढल्यावर खांदा आणि पाठीचा भाग काळानिळा निघाला, तेवढं मांस काढून टाकावं लागलं, पुढच्या वेळी भाव पाहून देईन. केसांमुळे मुका मार बाहेरून दिसत नाही, पण कापणाऱ्याला दिसतो आणि तो लक्षात ठेवतो.

दुसऱ्या गाडीचे साडेतीन हजार वाचवले, आणि एकट्या त्या बोकडात साडेसहा हजार गेले. हे मी घरी आल्यावर मोठ्याने बोलले. भासऱ्यांचं उत्तर, ड्रायव्हर खराब होता.

ड्रायव्हर खराब होताच. पण ड्रायव्हरला सुधारणं आपल्या हातात थोडं आहे, डाल्यात जागा सोडणं पूर्ण आहे. पुढच्या वेळी गाडी मी भरली. पंधराच बोकड. डाल्याच्या मधोमध बांबूंची आडवी ताटी बांधली, म्हणजे ब्रेक लागला तरी मागच्यांचं वजन पुढच्यांवर जात नाही. आमच्या घरचे पुढच्या भागात, शेजारचे मागच्या. अनोळखी बोकड एकत्र टाकले की रस्ताभर टकरा घेतात. खाली आधी रेतीचा पातळ थर टाकला आणि त्यावर चार बोटं तुरीचं कुटार. नुसतं सोयाबीनचं कुटार लोखंडावर टाकू नका, कोरडं असताना ते सरकतं आणि मुताने भिजलं की अजूनच. गळ्याला दावं कोणाच्याच नव्हतं. डाल्याच्या कड्याला बांधलेला बोकड पडला तर त्याच दाव्याला लटकतो.

चढवायला धुऱ्याचा, म्हणजे वावराच्या बांधाचा, उपयोग केला. धुऱ्याला गाडी मागे लावली की डाला आणि माती जवळजवळ एका पातळीत येतात. पहिल्यांदा माझ्या हाताची सवय असलेली एक म्हातारी बकरी टोपल्यामागे आत नेली, तिच्यामागे बाकीचे आले, मग तिला परत उतरवलं. ओढायचं नाही. त्याच्या खांद्याच्या मागे, थोडं बाजूला उभं राहिलं की तो आपणच पुढे सरकतो. समोर उभे राहून हात हलवणारे लोक त्यालाच अडवत असतात आणि वर शिव्याही देतात. अगदीच हात लावावा लागला तर एक हात जबड्याखाली आणि एक मागच्या बाजूला. कान, शिंग, केस, पाय यांना हात नको.

बाजारात धुरा नसतो, म्हणून डाल्याच्या बाजूला सात फूट लांबीची फळी बांधून नेते. अडीच फूट उंचीला एवढी लांबी पुरते, चढ बेताचा राहतो. फळीवर फूटभर अंतराने लाकडी पट्ट्या ठोकलेल्या आहेत, नाहीतर खूर घसरतात. फाळका आधी पूर्ण पाडायचा, फळी लावायची, आणि मग बाजूला व्हायचं. पहिला बोकड आपणच खाली येतो. त्या बाजारात एकही लंगडला नाही. भासरे म्हणाले, "यावेळी ढोरं आडवी नाई आली." म्हणजे नशीब.

तुम्ही मार विचारलात, पण ऊन आणि खाणं-पिणंही त्यातलंच आहे, म्हणून थोडक्यात. उन्हाळ्यात पहाटे भरा आणि सूर्य डोक्यावर येण्याआधी उतरवा. वर ताडपत्री, बाजू मोकळ्या. गाडी उन्हात उभी करून चहा पिणं बंद. निघण्याआधी पाणी भरपूर आणि खायला सुकं कुटार, तेही बेताचं. पोट भरलेलं दिसावं म्हणून ज्वारी-गहू पोटभर चारणारे आणि मीठ देऊन पाणी पाजणारे व्यापारी असतात. सवय नसलेला दाणा एकदम पडला की पोटात आंबतो, आणि तुमचा बोकड घेणाऱ्याच्या दारात मरतो.

काही गोष्टी राहिल्या. सव्वातीन फुटांचा नियम बकरी मोठी की छोटी हे पाहत नाही. पाठींना कमी पुरतं, दणकट शिंगाळ बोकडाला मी थोडी जास्तच धरते. आणि भासऱ्यांचं एक अर्धं बरोबर आहे. चार बकऱ्या अख्ख्या डाल्यात मोकळ्या सोडल्या तर त्याही आपटतात. अशा वेळी ताटी पुढे सरकवून जागा कमी करा. शेवटच्या महिन्यातली गाभण बकरी गाडीत घालूच नका. आणि निघण्याआधी पशुवैद्यकाचा दाखला घ्या, तो नियमातच आहे.

ड्रायव्हरचं म्हणाल तर भाडं ठरवतानाच सांगायचं की अर्ध्या तासाने एकदा गाडी थांबवून मागे पाहायचं, कोणी खाली बसलाय का. मी शेवटचे पाचशे रुपये उतरवल्यावर, सगळे चालताना पाहून देते. भासरे म्हणतात असं केल्याने ड्रायव्हर बिघडतात. आमच्याकडे तोच ड्रायव्हर अजून येतो, आणि आता तो स्वतःच विचारतो, ताटी कुठे ठेवली म्हणून.