एलायझा रिअ‍ॅक्टिव्ह आली म्हणजे लागण आहे याची ९९.५ टक्के खात्री?

प्रश्न: माझ्या मावसभावाने गणेशोत्सवातल्या शिबिरात रक्तदान केलं. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, की एचआयव्हीची एलायझा ही रक्तचाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आहे, आयसीटीसी या सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात जाऊन तपासून घ्या. किटच्या माहितीपत्रकावर स्पेसिफिसिटी ९९.५ टक्के लिहिलीय. म्हणजे त्याला लागण असण्याची शक्यता ९९.५ टक्केच झाली ना? समुपदेशक मात्र म्हणतात, 'अजून काहीच सांगता येत नाही.' हे खरं आहे की नुसता धीर देतायत?

उत्तर:

समुपदेशक खरं तेच सांगतायत. मी रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत. असा फोन आला की घरात काय होतं ते माहीत आहे, म्हणून आधी आकडा देतो: आत्ता तुमच्या हातात जेवढी माहिती आहे तेवढ्यावरून लागण असण्याची शक्यता साधारण ३० टक्क्यांच्या आत-बाहेर आहे, बहुधा आतच. कशी, ते सावकाश बघू.

किटवरचे ९९.५ टक्के हे ज्यांना लागण नाही अशांबद्दलचं विधान आहे. लागण नसलेल्या १,००० जणांचं रक्त तपासलं तर ९९५ जणांचं नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह येईल आणि ५ जणांचं उगाचच रिअ‍ॅक्टिव्ह येईल, एवढंच ते सांगतं. तुमचा प्रश्न उलट दिशेचा आहे: रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्यांपैकी खरी लागण किती जणांना? गणितात दोन्हींना सशर्त संभाव्यताच म्हणतात, पण अट बदलली की उत्तर पार बदलतं. पाऊस पडत असेल तर आभाळात ढग असणारच. म्हणून ढग दिसले की पाऊस पडतोच, असं मराठवाड्यातला शेतकरी कधी म्हणणार नाही. ही गल्लत तुमची एकट्याची नाही. १९७८ साली हार्वर्डशी जोडलेल्या रुग्णालयांत ६० डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना याच धर्तीचं कोडं घातलं होतं. आजार हजारात एकाला, चाचणी ५ टक्के निरोग्यांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते, तर पॉझिटिव्ह आलेल्याला आजार असण्याची शक्यता किती? जवळजवळ निम्म्यांनी ९५ टक्के सांगितलं. बरोबर उत्तर २ टक्क्यांच्या आसपास आहे आणि ते फक्त ११ जणांना आलं.

उलट दिशेच्या प्रश्नाला आणखी एक आकडा लागतो, आणि तो किटच्या कागदावर कधीच नसतो: चाचणीच्या आधी, त्या प्रकारच्या लोकांत लागण किती जणांना असते? भारतात प्रौढांमध्ये हे प्रमाण साधारण ०.२ टक्के, म्हणजे ५०० जणांत एक असं आहे. ते घेऊन १ लाख रक्तदाते डोळ्यांपुढे आणा. त्यांतल्या २०० जणांना लागण आहे, ९९,८०० जणांना नाही. सोयीसाठी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे लागण असलेल्यांपैकी किती जण चाचणीत पकडले जातात ते प्रमाणही ९९.५ टक्केच धरू. मग २०० पैकी १९९ जण रिअ‍ॅक्टिव्ह येतील. उरलेल्या ९९,८०० पैकी अर्धा टक्का, म्हणजे ४९९ जण, लागण नसताना रिअ‍ॅक्टिव्ह येतील. फोन या सगळ्यांनाच जाणार. एकूण फोन ६९८, त्यांत खरी लागण १९९ जणांना. १९९ भागिले ६९८ केलं की साडेअठ्ठावीस टक्के येतात.

किट उत्तम असूनही असं होतं, कारण निरोगी लोक इतके प्रचंड संख्येने आहेत की त्यांच्यातली अर्ध्या टक्क्याची चूकसुद्धा खऱ्या रुग्णांपेक्षा मोठी ठरते. त्यात शिबिरात रक्त देण्याआधी प्रश्नावली असते, जोखीम असलेले बरेचसे तिथेच गळतात. म्हणून स्वेच्छेने रक्त देणाऱ्यांत प्रमाण आणखी कमी धरायला हवं. समजा हजारात एक धरलं, तर हेच गणित सहात एकावर येतं. 'तीसच्या आतच' म्हणालो ते यामुळे.

पण हा आकडा किटचा नाही, माणसाचा आहे. दुसऱ्यांची सुई वापरून नशेची इंजेक्शनं घेणाऱ्या एखाद्या गटात प्रमाण ५ टक्के असेल, तर त्याच किटवर, त्याच रिअ‍ॅक्टिव्ह निकालाचा अर्थ ९१ टक्के होतो. आयसीटीसीत समुपदेशक खाजगी प्रश्न विचारतात ते चौकशा म्हणून नव्हे. ती उत्तरं चाचणीच्या आधीचं प्रमाण ठरवतात. भावाला सांगा, तिथे काही लपवू नको. ती माहिती गोपनीय ठेवणं त्यांच्यावर कायद्यानेच बंधनकारक आहे.

आता कोणी विचारेल, ७० टक्के शक्यता लागण नसण्याची आहे तर रक्तपेढीने पिशवी फेकून का दिली? कारण रक्तपेढीला माणसाचं निदान करायचंच नसतं. तिला ते रक्त कुणाला चढवावं की नाही एवढंच ठरवायचं असतं. तिथे ३ टक्के शंकाही पुष्कळ झाली, मग ३० टक्के तर सोडाच. तुमच्या भावासाठी मात्र 'आहे' म्हणायला फार मोठा पुरावा लागतो. एकाच निकालावर दोन वेगळे निर्णय, आणि दोन्ही बरोबर.

पुढच्या चाचण्यांनी मत कसं बदलतं, हे टक्क्यांऐवजी प्रमाणात मांडलं तर तोंडी जमतं. सुरुवातीला 'लागण आहे' विरुद्ध 'नाही' हे प्रमाण १ : ४९९ होतं. रिअ‍ॅक्टिव्ह निकाल लागण असलेल्यांत ९९.५ टक्के वेळा दिसतो आणि नसलेल्यांत ०.५ टक्के वेळा, म्हणजे १९९ पट जास्त. हा १९९ झाला पुराव्याचा जोर. त्याने गुणलं की १९९ : ४९९, म्हणजे वर आलेले साडेअठ्ठावीस टक्केच. थॉमस बेज यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम म्हणतात तो हाच: आधीचं प्रमाण गुणिले पुराव्याचा जोर. आणि आजचं उत्तर हे उद्याच्या पुराव्यासाठी 'आधीचं प्रमाण' होतं. दुसऱ्या किटवरही रिअ‍ॅक्टिव्ह आलं की पुन्हा १९९ ने गुणा, प्रमाण साधारण ७९ : १ होतं, जवळजवळ ९९ टक्के. तिसऱ्यांदा आलं की साधारण १५,८०० : १, म्हणजे शंकेला जागाच उरत नाही.

आयसीटीसीत 'पॉझिटिव्ह' लिहिण्याआधी तीन चाचण्या करतात, त्यामागे हेच गणित आहे. जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा अशी, की ज्याला पॉझिटिव्ह म्हणून सांगितलं त्याला खरोखर लागण असण्याची शक्यता किमान ९९ टक्के असावी. किटसाठी तिची किमान अट सेन्सिटिव्हिटी ९९ आणि स्पेसिफिसिटी ९८ टक्के. या किमान दर्जाच्या किटने, ५ टक्के लागण असलेल्या गटात, दोन चाचण्यांनंतर ९९ टक्क्यांच्या थोडं वर पोचता येतं. आपल्यासारख्या ०.२ टक्क्यांच्या ठिकाणी मात्र त्याच दोन चाचण्या ८३ टक्क्यांवर अडकतात आणि तिसरीनंतर ९९.६ होतात. म्हणून पूर्वी ५ टक्क्यांच्या वर दोन आणि खाली तीन असा नियम होता. २०१९ साली संघटनेने सगळीकडेच तीन कराव्यात असं सांगितलं.

आता इथे एक मोठी अट आहे, आणि खाजगी लॅबमध्ये पळणारे लोक नेमके तिथेच फसतात. १९९ ने पुन्हा गुणायचं ते दुसरी चाचणी पहिलीपेक्षा स्वतंत्र चूक करत असेल तरच. लागण नसताना रिअ‍ॅक्टिव्ह येण्याचं एक कारण म्हणजे त्या माणसाच्या रक्तात दुसऱ्याच कशाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं किटवरच्या अँटीजेनला, म्हणजे विषाणूच्या प्रथिनांना, चिकटतात. काही स्वप्रतिकारक आजारांत असं होतं, कधी नुकत्याच घेतलेल्या लशीनंतरही. असं असेल तर तेच रक्त, त्याच किटवर दहा वेळा तपासा, दहाही वेळा रिअ‍ॅक्टिव्ह येईल. दहा निकाल हातात, पण पुरावा एकाच निकालाएवढा. म्हणून आयसीटीसीतल्या तीन चाचण्या वेगवेगळ्या अँटीजेनच्या किंवा वेगळ्या तत्त्वावरच्या असतात. नळीवरचं लेबल बदललं गेलं असेल, तर त्यावर किट बदलून उपयोग नाही, नव्याने रक्तच काढावं लागतं. त्यामुळे भावाने बाहेरच्या लॅबमध्ये जाऊन पुन्हा नुसती एलायझा करून घेऊ नये. कुठलं किट वापरलं ते बहुतेकदा सांगतही नाहीत, आणि मग या गणितात काय गुणायचं तेच कळत नाही.

जमलं तर रक्तपेढीला एक गोष्ट विचारा: एलायझाचं रीडिंग कट-ऑफच्या, म्हणजे निकाल ठरवणाऱ्या मर्यादेच्या, किती पट होतं? 'रिअ‍ॅक्टिव्ह' या एका शब्दात कट-ऑफच्या जेमतेम वर गेलेला नमुना आणि त्याच्या कित्येक पट गेलेला नमुना एकाच रांगेत बसतात. खोटे निकाल बहुतेक कट-ऑफला लागून असतात. म्हणजे १९९ हा सरासरी जोर झाला; काठावरच्या रीडिंगचा जोर त्याहून बराच कमी, खूप वरच्या रीडिंगचा बराच जास्त.

आणि पुढची चाचणी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आली तर? कागदावर १९९ ने भागायचं, म्हणजे प्रमाण परत १ : ४९९, जिथून निघालो तिथेच. बहुसंख्य रक्तदात्यांच्या बाबतीत हेच घडतं. फक्त एक अपवाद मनात ठेवा. लागण अगदी अलीकडची असेल तर रक्तपेढीची चौथ्या पिढीची एलायझा विषाणूचं पी-२४ प्रथिनही पकडते, म्हणून ती आधी रिअ‍ॅक्टिव्ह येते. निव्वळ प्रतिपिंडं शोधणारी रॅपिड किटं तेव्हा मागे असतात. त्या काळात त्यांची सेन्सिटिव्हिटी कागदावरच्या ९९.५ च्या आसपासही नसते, मग १९९ ने भागणंच चुकीचं ठरतं. तेव्हा एलायझा रिअ‍ॅक्टिव्ह होती हे आयसीटीसीत आवर्जून सांगायचं आणि रक्तपेढीची चिठ्ठी सोबत न्यायची. निकाल एकमेकांशी जुळले नाहीत तर ते दोन ते चार आठवड्यांनी नवा नमुना द्यायला बोलावतील. खरी लागण असेल तर एवढ्या दिवसांत प्रतिपिंडं वाढतात आणि मागे राहिलेली किटंही रिअ‍ॅक्टिव्ह येऊ लागतात. खोटा निकाल असेल तर सहसा चित्र आहे तसंच राहतं. मधल्या काळात काही विचारायचं असेल तर १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.