शून्यावर अडकलेला करंट: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: सर, पुस्तकात चार मॉस्फेट आणि एक रेझिस्टर असलेल्या करंट रेफरन्सचे एकच सूत्र दिले आहे. त्यातून करंट ठरतो. मग हे शून्य करंटचे दुसरे उत्तर आले कुठून? (तिसरे वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स, कोल्हापूर)

पुस्तकातली ती ओळ पुन्हा काढा, जिथे दोन्ही बाजूंना करंटच्या वर्गमुळाने भागले आहे. शून्याचे उत्तर तिथेच गळाले. शून्याने भागता येत नाही हे आपण सातवीत शिकतो आणि इंजिनिअरिंगला विसरतो.

सर्किट डोळ्यांसमोर आणा. खाली दोन एनमॉस आहेत. दोघांची गेट एकमेकांना जोडलेली, दुसरा पहिल्याच्या चौपट रुंद, आणि दुसऱ्याच्या सोर्सखाली रेझिस्टर. वर दोन पीमॉसचा मिरर दोन्ही फांद्यांत सारखाच करंट ठेवतो. पहिल्या एनमॉसचे गेट-सोर्स व्होल्टेज म्हणजे दुसऱ्याचे गेट-सोर्स व्होल्टेज अधिक रेझिस्टरवर पडणारे व्होल्टेज. थ्रेशोल्ड दोन्हीकडून कटतो आणि उरते ते असे:

```
sqrt(2I/β) = sqrt(2I/(4β)) + I·R
```

`β` 500 µA/V² आणि `R` 10 kΩ घ्या. वर्गमुळाने भागले की करंट 10 µA येतो. पडताळा सोपा आहे: पहिल्याचा ओव्हरड्राइव्ह 0.2 व्होल्ट, दुसऱ्याचा 0.1 व्होल्ट, आणि मधला 0.1 व्होल्ट रेझिस्टरवर, म्हणजे बरोबर 10 µA. आता न भागता मूळ ओळीत `I = 0` ठेवा. डावीकडे शून्य, उजवीकडेही शून्य. समीकरणाची काहीच तक्रार नाही.

आणखी एक गोष्ट बघा. या ओळीत सप्लाय कुठेच नाही. सप्लाय हलला तरी करंट हलत नाही, हा या रेफरन्सचा गुण. पण सप्लाय दिला म्हणून करंट वाहायलाच हवा अशी सक्तीही त्यामुळेच राहत नाही. एनमॉसचे गेट शून्यावर आणि पीमॉसचे गेट थेट सप्लायवर असे चारही ट्रान्झिस्टर बंद बसून राहतात. पहिला कोणी चालू व्हायचे, हे कोणी सांगतच नाही. ते सांगणारे जादा सर्किट म्हणजे स्टार्टअप.

प्रश्न: आमचे एक सीनियर म्हणतात की नॉइजमुळे ते आपोआप सुरू होते, स्टार्टअप सर्किट ही पुस्तकी काळजी आहे. खरे का?

अर्धे खरे आहे, आणि अर्ध्या खऱ्या गोष्टींनीच जास्त चिप वाया जातात.

करंट अगदी बारीक असतो तेव्हा रेझिस्टरवर व्होल्टेज पडतच नाही. चौपट रुंद ट्रान्झिस्टर सरळ चौपट करंट ओढतो आणि मिरर तो पहिल्या फांदीत परत देतो. म्हणजे एका फेरीत गुणिले चार. करंट वाढत गेला की रेझिस्टर आवर घालतो. वरच्या उदाहरणात 10 µA वर करंटमधल्या लहान बदलाचा हा गुणाकार दोन तृतीयांशावर येतो, म्हणून सर्किट तिथे स्थिर होते. कागदावर बघितले तर सीनियरांचे बरोबर.

पण खऱ्या सिलिकॉनमध्ये लीकेज असते. ऊस पाजणाऱ्यांना पंप भरणे माहीत असते. फूट व्हॉल्व गळका असेल तर ओतलेले पाणी खालूनच निघून जाते आणि मोटर नुसती फिरते. एनमॉसच्या गेटच्या नोडवरून जमिनीकडे जाणारे लीकेज आत येणाऱ्या करंटपेक्षा जास्त असले की तो चौपटीचा गुणाकार सुरूच होत नाही. आणि सुरू झाला तरी वेळ बघा. नोडवर 10 pF असतील आणि करंट 1 pA असेल, तर तो नोड 0.1 व्होल्ट हलायला एक सेकंद लागतो. थंडीत लीकेज आणखी घटते, त्यामुळे बी पेरणारा करंटही घटतो. टेबलावर 27 अंशांना सुरू झाले याचा अर्थ तेवढाच, की 27 अंशांना सुरू झाले.

सीनियरांना विचारा, उणे 40 ला लावून पाहिले का.

प्रश्न: रुंदीचे गुणोत्तर चारऐवजी आठ घेतले तर स्टार्टअप टाळता येईल का?

नाही.

प्रश्न: सिम्युलेशनमध्ये ऑपरेटिंग पॉइंट दर वेळी बरोबर 10 µA येतो. गाइड म्हणतात तरी स्टार्टअप लावा. उगाच दोन-तीन ट्रान्झिस्टर कशाला वाढवायचे?

गाइडचे ऐका.

ऑपरेटिंग पॉइंट काढताना सिम्युलेटर सप्लाय चालू करून वाट बघत नाही. तो समीकरणांचे एक उत्तर शोधतो. दोन उत्तरे असतील तर जे आधी सापडेल ते देतो. शिवाय गणित जुळावे म्हणून तो प्रत्येक जंक्शनला एक बारीक कंडक्टन्स जोडतो. `gmin` नावाचे हे कंडक्टन्स स्पाइसमध्ये मुळात 1e-12 असते. 1.8 व्होल्टला ते जवळजवळ 2 pA देते. तुमचे सर्किट या फुकटच्या करंटवर उठले असू शकते, आणि तो करंट सिलिकॉनमध्ये येणार नाही.

म्हणून सर्किट मुद्दाम शून्यात टाका आणि बाहेर येते का ते पाहा:

```
VDD vdd 0 DC 1.8
.ic v(vn)=0 v(vp)=1.8
.options gmin=1e-15
.tran 1u 100m uic
```

इथे `vn` म्हणजे एनमॉसचे गेट आणि `vp` म्हणजे पीमॉसचे. स्टार्टअपशिवाय हे चालवून आलेला आलेख गाइडना दाखवा.

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. इंडक्शन भट्टीच्या थंड पाण्यावर पीटी-100 आहे. त्याला 1 मिलिअँप देणारे जुने कार्ड साध्या ट्रान्झिस्टरांचे आहे. पावसाळ्यात सकाळी रीडिंग येत नाही. मीटरची प्रोब लावली की लगेच येते! दुकानदार म्हणतो कार्ड गेले, नवीन "ऑटो-स्टार्ट" घ्या.

कार्ड बहुधा गेलेले नाही. प्रोब लावल्यावर जे सुरू होते ते बहुतेक वेळा शून्यावर अडकलेले असते.

तुमचे डिजिटल मीटर बहुधा 10 मेगाओहमचे असेल. 12 व्होल्टच्या कार्डात वरच्या पीएनपीच्या बेसवर लाल प्रोब आणि ग्राउंडवर काळी ठेवली की मीटर त्या बेसमधून साधारण 1 µA ओढते. लूप सुरू करायला तेवढे पुरते. थोडक्यात, तुमचे मीटरच स्टार्टअप सर्किटचे काम करते आहे. पावसाळाच का, तर भट्टीची काळी धूळ आणि जुना फ्लक्स ओल धरतात, आणि पीएनपीच्या बेस-एमिटरमधून बारीक करंट चोरून जातो.

खात्री करायची तर लूपला न छेडता करा. खालच्या ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरला समांतर एक रेझिस्टर असेल, 1 मिलिअँपसाठी 650 ओहमच्या आसपास. मोजायचे फक्त त्याच्यावर. 0.65 व्होल्ट दिसले तर कार्ड चालू आहे, शून्य दिसले तर अडकले आहे.

उपाय बहुतेक वेळा 12 व्होल्टपासून त्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला एक मेगाओहमचा रेझिस्टर हा असतो. त्यातून सतत 10.7 µA जातात. या जातीच्या सर्किटमध्ये जादा करंटने बेस-एमिटर व्होल्टेज फक्त पाव मिलिव्होल्ट वाढते, म्हणून आउटपुट 0.04 टक्केच हलतो. पण कार्ड मी पाहिलेले नाही. सर्किट काढून जाणकाराला दाखवल्याशिवाय डाग देऊ नका.

आणि एक गोष्ट आजच करा. करंट शून्य असेल तर पीटी-100 वर शून्य मिलिव्होल्ट येतात. चालू असताना शून्य अंशाला 100 आणि 50 अंशांना 119 मिलिव्होल्ट येतात. तुमचा अलार्म फक्त "119 च्या वर गेले का" एवढेच बघत असेल, तर मेलेल्या कार्डाला तो "पाणी गार आहे" असे समजेल. खालची मर्यादाही बसवून घ्या. तोपर्यंत त्या अलार्मच्या भरवशावर भट्टी चालवू नका.

प्रश्न: क्लासमध्ये स्टार्टअपसाठी सप्लायपासून `vn` ला नुसता कपॅसिटर लावायला शिकवले. स्टॅटिक करंट शून्य, जागा कमी. टेपआउट पुढच्या महिन्यात आहे. चालेल ना?

हा प्रश्न वेगवेगळ्या कागदांवर माझ्याकडे येतच राहतो, आणि दर वेळी टेपआउट पुढच्या महिन्यातच असते.

कपॅसिटर करंट देतो तो फक्त सप्लाय चढत असताना, आणि चढण्याच्या वेगाच्या प्रमाणात. 1 pF धरा. सप्लाय 10 मायक्रोसेकंदांत 1.8 व्होल्ट चढला तर 0.18 µA मिळतात, सर्किट उठते, सगळे टाळ्या वाजवतात. तोच सप्लाय मोठ्या फिल्टर कपॅसिटरमागून 100 मिलिसेकंदांत चढला तर मिळतात 18 pA. गरम चिपमध्ये लीकेज एवढे सहज खाते. ब्लॉक विकणारे त्यांच्या पत्रकात "स्टार्टअप टाइम" देतात तो वेगवान चढाचा आणि खोलीच्या तापमानाचा. हळू चढाचा आकडा मागून बघा, विषय बदलतात.

त्याहून वाईट म्हणजे सप्लायची डुबकी. व्होल्टेज पुरते न पडता खाली जाते आणि रेंगाळत वर येते. कपॅसिटर खाली जाताना `vn` ला खाली ओढतो, म्हणजे चालू सर्किट बंद करायला हातभारच लावतो, आणि हळू परत येताना काही देत नाही. रेफरन्स मेला, आणि सप्लाय पूर्ण बंद करून चालू केल्याशिवाय तो उठत नाही. प्रयोगशाळेत कोणी डुबकी देऊन बघत नाही. गिऱ्हाईकाकडे ती रोज येते.

स्टार्टअप घड्याळावर चालू नये, स्थिती बघून चालावा. तीन ट्रान्झिस्टर लागतात. एक लांबलचक कमकुवत पीमॉस, रुंदी 0.5 आणि लांबी 50 मायक्रॉन, गेट ग्राउंडला. त्याच्या खाली एक एनमॉस, त्याचे गेट `vn` ला. या दोघांच्या मधल्या बिंदूने तिसऱ्या एनमॉसचे गेट चालवायचे, आणि तो तिसरा `vp` आणि `vn` यांच्या मध्ये बसवायचा. `vn` शून्यावर असेल तर मधला बिंदू वर जातो, तिसरा चालू होतो, `vp` मधून करंट ओढून `vn` ला देतो. रेफरन्स उठला की दुसरा एनमॉस मधला बिंदू खाली दाबतो आणि तिसरा बंद होतो. पीमॉसचे साधारण अर्धा µA सतत जातात. ही किंमत द्या.

बंद होणे मात्र तपासाच. वर सांगितले की 10 µA वर लूपचा गुणाकार दोन तृतीयांश आहे. तिसऱ्यात 0.1 µA जरी उरला, तरी तो `vp` मधून निघतो आणि `vn` मध्ये शिरतो, म्हणजे दोनदा मोजला जातो, आणि दुसऱ्या फांदीचा करंट त्याच्या चौपट, म्हणजे 0.4 µA वाढतो. चार टक्के गेले. 1 µA उरला तर अंदाजे तीस टक्के. म्हणूनच "व्हीडीडीपासून मोठा रेझिस्टर लावू का" विचारणाऱ्यांनाही इथेच सांगतो: भट्टीच्या कार्डात जे चालते ते या लूपमध्ये चालत नाही. वाईट कोपरा असतो कमकुवत एनमॉस, दणकट पीमॉस आणि सर्वांत जास्त सप्लाय. तिथे मधला बिंदू थ्रेशोल्डच्या पुष्कळ खाली राहतो का ते बघा.

पुढच्या महिन्याचे टेपआउट असेल तर याच आठवड्यात हळू चढ, वेगवान चढ आणि अर्धवट डुबकी असे तीन रन सर्वांत थंड आणि सर्वांत गरम तापमानाला लावा. आलेख घेऊन तुमच्या अ‍ॅनालॉग लीडसमोर बसा. क्लासच्या सरांसमोर नव्हे.

प्रश्न: बँडगॅपलाही स्टार्टअप लागतो का?

हो. काही बँडगॅपमध्ये डायोडला समांतर रेझिस्टर असतात. तिथे चुकीची स्थिती शून्य करंटची नसतेच: करंट रेझिस्टरमधून वाहतो आणि डायोड बंद राहतात. त्यामुळे "करंट आहे ना" एवढेच बघणारा स्टार्टअप तिथे फसतो. सर्किट पाठवा, मग बोलू.