कुंचीच्या शिवणीतला डाळिंबी रंग

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचं शिलाई आणि अल्टरेशनचं दुकान आहे. एका बाईंचं आजीच्या काळचं कापड त्यांनी फार छान दुरुस्त करून दिलं. ती गोष्ट इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये कशी लिहू, म्हणजे नुसती जाहिरात वाटणार नाही, पण लोक दुकानात येतील?

उत्तर :

आमचंही शिलाईचं दुकान आहे. बाबा मशीनवर बसतात, रफू आणि हातशिलाई मी करते आणि दुकानाचं इन्स्टाग्रामही मीच सांभाळते. तुमच्या प्रश्नाला मी एकाच कामाच्या आधाराने उत्तर देते, कारण ते काम आणि त्याची कॅप्शन या दोन्ही गोष्टी मला अजून जशाच्या तशा आठवतात.

एक आजी खणाची कुंची घेऊन आल्या. त्यांच्या सासूबाईंनी स्वतःच्या चोळीच्या कापडातून ती शिवलेली होती आणि घरातल्या नऊ बाळांनी बारशाला घातलेली होती. दहावं बाळ तीन दिवसांचं होतं. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे आमच्या हातात नऊ दिवस. डोक्यावर जिथे घडी पडते तिथे दोन इंचाची चीर गेली होती, आतलं अस्तर पिवळं पडून विरलं होतं आणि गळ्याच्या टिचबटणाभोवती गंजाचा तपकिरी डाग होता.

आता बघा, एवढ्यावरच कॅप्शन लिहायला बसले असते तर काय लिहिलं असतं? ‘पिढ्यानपिढ्यांचा वारसा, आठवणींना नवं आयुष्य.’ ही ओळ कुठल्याही दुकानाला, कुठल्याही कपड्याला चिकटते, म्हणून कोणालाच ती लक्षात राहत नाही. लिहिण्याजोगी गोष्ट कामाच्या आत सापडते आणि ती जो सुई चालवतो त्यालाच दिसते. तुम्ही सासऱ्यांशेजारी बसून त्यांना एवढंच विचारा, ‘हे उसवल्यावर आत काय दिसलं? कुठे अडलं?’

आम्हाला जे दिसलं ते असं. अस्तर काढायला मी शिवण उसवली. बाहेरून कुंची विटकरी रंगाची झाली होती, पण शिवणीच्या आत दाबून ठेवलेली पट्टी गडद डाळिंबी निघाली. उजेड न लागल्यामुळे तिथला रंग टिकला होता. जिने शिवली तिने जवळजवळ पाऊण इंच माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, ठेवली होती, एवढ्याशा कुंचीला हे भरपूरच. रफूला त्याच कापडाचा धागा मिळाला तर सोन्याहून पिवळं. मी त्या पट्टीतला एक धागा काढून दोन बोटांत धरून हलकेच ताणला. उजेडात विरलेल्या भागातला धागा असा ताणला की लगेच तुटत होता, हा तुटला नाही. म्हणजे रफूला चालणार होता.

अडचण रंगाची होती. डाळिंबी धाग्याने विटकरी कापडावर रफू केलं तर रेघ दिसणार. बाजारातून विटकरी रेशीम आणून केलं तर लांबून दिसणार नाही, पण धागा परका. बाबा म्हणाले, ‘आपण ठरवायचं नाही, आजींना विचार.’ मी फोन केला. आजी म्हणाल्या, ‘रेघ दिसू दे गं. मूळ रंग तेवढा तरी दिसेल.’

माझी कॅप्शन तिथेच झाली होती. ग्राहकाने निवड केली तो क्षण, आणि त्याच्या तोंडची एक ओळ. ती ओळ मी त्यांची परवानगी घेऊन तशीच्या तशी टाकली. सजवली नाही.

काम कसं केलं तेही थोडं सांगते, कारण कॅप्शनमध्ये खरे शब्द तिथूनच येतात. चिरीखाली मऊ सुती कापडाचा तुकडा आधाराला टाचला. मग आधी उभे धागे भरले, नंतर त्यांतून एक वर एक खाली असे आडवे. चिरीच्या दोन्ही बाजूंना पाव इंच चांगल्या कापडात सुई नेली, कारण चिरीच्या काठावरच थांबलं तर पुढच्या वेळी तिथेच फाटतं. वळताना धागा घट्ट ओढायचा नाही, किंचित सैल सोडायचा, नाहीतर कापड गोळा होतं. झाल्यावर उजेडासमोर धरून पाहिलं. टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसलं तरी तिथे पुन्हा धागा घातला. आत दोनदा धुऊन खळ काढलेल्या मलमलचं नवं अस्तर दिलं. टिचबटण काढून मऊ आखूड बंद लावले आणि बाळ झोपायच्या आधी कुंची काढून ठेवा असं आजींना सांगितलं. गंजाचा डाग मात्र राहिला. ओला पांढरा कपडा कोपऱ्यावर दाबून पाहिला तर त्यावर लाल उमटलं. डाग काढायला गेलो असतो तर रंगही गेला असता.

ही होती कॅप्शन :

‘शिवण उसवली तेव्हा कळलं, ही कुंची मुळात डाळिंबी होती.

बाहेरून विटकरी झालेली. सासूबाईंनी स्वतःच्या चोळीच्या खणातून शिवलेली, घरातल्या नऊ बाळांनी घातलेली. दहाव्याच्या बारशाला नऊ दिवस होते आणि डोक्यावर दोन इंचाची चीर.

शिवणीत भरपूर माया ठेवलेली होती. तिच्यातलेच धागे काढून रफू केलं. रंग जुळणार नव्हता. आजींना विचारलं तर म्हणाल्या, “रेघ दिसू दे गं. मूळ रंग तेवढा तरी दिसेल.”

आत मलमलचं नवं अस्तर आहे. गळ्याशी गंजाचा डाग आहे, तो निघाला नाही. काढताना रंग उतरला असता.

रफू आणि अस्तराला चार दिवस लागले. असं जुनं काही घरात असेल तर न धुता, इस्त्री न करता, आहे तसं घेऊन या. बघून, होण्यासारखं असेल तरच हो म्हणतो. बघण्याचे पैसे नाहीत.’

पहिली ओळ सगळ्यात जास्त वेळ घेते. इन्स्टाग्रामवर कॅप्शन 2200 अक्षरांपर्यंत चालते, पण फोनवर न उघडता दिसतात ती साधारण पहिली सव्वाशे. आपल्या काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे मराठीत जागा अजून कमी पडते. म्हणून दुकानाचं नाव, ‘नमस्कार मंडळी’, किती वर्षांचा अनुभव, हे काहीही पहिल्या ओळीत नको. तिथे उसवल्यावर जे दिसलं तेच येऊ द्या.

‘माया’ शब्दाबद्दल एक. शिवणकामातला तो रोजचा शब्द आहे, पण वाचणाऱ्याला त्याचा दुसरा अर्थ आपोआप लागतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात पुढे आणखी एक वाक्य होतं, सासूबाईंनी कशी दोन्ही अर्थांनी माया ठेवली होती वगैरे. बाबांनी ते वाचलं आणि म्हणाले, ‘हे काढ, कळतं.’ काढलं. तुमच्याकडेही असा एखादा शब्द सापडेल. तो ठेवा आणि पुढे जा, फोडून सांगू नका.

जे जमलं नाही तेही लिहा. डागाचं वाक्य टाकताना मी बराच वेळ घुटमळले होते, पण दुकानाला सगळ्यात उपयोगी पडलं ते तेच. त्या कॅप्शननंतर जे लोक कपडे घेऊन आले, त्यांनी ‘अगदी नव्यासारखं होईल ना?’ असं विचारलं नाही, ‘काय वाचेल?’ असं विचारलं. असं गिऱ्हाईक काम बघून समाधानाने जातं. आणि ‘धुऊ नका, इस्त्री करू नका’ ही ओळ कामाची आहे, कारण लोक लाजेपोटी कपडा धुऊन आणतात आणि विरलेलं कापड धुण्यातच अजून फाटतं.

परवानगीचं मी एकदा चुकवून शिकले. एका बाईंच्या आईचा शालू दुरुस्त करताना त्यांनी मन मोकळं केलं, घरातलं बरंच काही सांगितलं. मी त्यातलं थोडं लिहिलं, नाव न घेता. नातेवाइकांनी शालू ओळखला. बाई दुकानात आल्या, रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, ‘ते मी तुला सांगितलं होतं.’ मी पोस्ट तिथल्या तिथे काढली. तेव्हापासून कॅप्शन टाकण्याआधी पूर्ण मजकूर फोटोंसकट व्हॉट्सॲपवर पाठवते, आणि ‘हो’ लिहून आलं तरच टाकते. लग्न मोडणं, वाटणी, आजारपण हे गोष्टीत कितीही रंगत आणत असलं तरी घेत नाही. कपडा कोणी शिवला, कोणी घातला, कुठे फाटला, एवढं पुरतं.

फोटो तीनच काढा, पण पहिला काम हातात आल्याच दिवशी, उसवण्याआधी. तो राहिला तर परत मिळत नाही. दुसरा उसवलेल्या शिवणीचा, तिसरा तयार कपड्याचा, पहिल्याच जागी, त्याच खिडकीशी, त्याच वेळी. उजेड बदलला की रंग बदलतो आणि लोकांना वाटतं आपण फोटोत काहीतरी केलंय. रफूची उलटी बाजूही दाखवली तर उत्तम. कामाची पारख असणारी माणसं तीच बघतात.

बारशानंतर आजींनी फोटो पाठवला. त्यात बाळाचा चेहरा होता, म्हणून तो मी टाकला नाही. पाठमोरा एक मिळेल का, असं विचारलं. दोन दिवसांनी आला : आत्याच्या खांद्यावर बाळ, मागून फक्त कुंची, आणि डोक्यावर ती बारीक डाळिंबी रेघ. त्याखाली मी एवढंच लिहिलं, ‘दहावं बाळ.’