आधी बॅग, मग माणूस?

‘ताई, लग्नाला सहा वर्षं झाली. महिन्यातून दोनदा मी कामासाठी बाहेरगावी असते. तेव्हा नवऱ्याचे दिवसाला पाच-सहा फोन येतात. तो दीड वर्षाचा असताना आई आजारी पडली आणि त्याला काही महिने नातेवाइकांकडे राहावं लागलं. त्याची अटॅचमेंट अँक्शियस आहे, म्हणजे जवळचं माणूस दुरावेल अशी धास्ती त्याला सतत असते, असं मी वाचलं. मी तशी नाही, पाळणाघरात पहिल्या दिवशीही रडले नव्हते म्हणे. घरी आल्यावर मी बॅग रिकामी करून, कपडे जागेवर लावून निवांत बोलायला बसते, तरी तो कुरकुरत मागे फिरतो. त्याला कसं सुधारू?’

त्याला राहू दे बाजूला. मला तुझ्या बॅगेबद्दल बोलायचंय.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९६०च्या दशकात बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या बाळांवर एक प्रयोग केला. अनोळखी खोली, थोडी खेळणी. आई तीनेक मिनिटं बाहेर जाते, परत येते; असं दोनदा. मूल किती रडलं यापेक्षा आई परतल्यावर ते काय करतं, याला तिथे जास्त वजन होतं. काही मुलं आईला बिलगून शांत होतात आणि पुन्हा खेळू लागतात, ती सुरक्षित. काही बिलगतात आणि त्याच वेळी लाथाही झाडतात, त्यांची समजूत लवकर पटत नाही. आणि काही मान वर करत नाहीत, खेळणी इकडची तिकडे करत बसतात. ही शहाणी मुलं वाटतात ना? पुढे अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर चेहरा शांत आणि ठोके मात्र वाढलेले.

तेव्हा न रडल्याचं प्रशस्तिपत्रक आता फाडून टाक. तुझी बॅग मला त्या खेळण्यांसारखी दिसते. एका सवयीवरून शिक्का मारता येत नाही, आणि बाळपणीचा नमुना मोठेपणी तसाच राहतो असंही नाही. पण हे तुझ्या नवऱ्यालाही लागू आहे. तू मात्र त्याला दीड वर्षाच्या वयातच अडकवून ठेवलंयस. तू परततेस, पण भेट होत नाही. मग पुढच्या दौऱ्यात त्याचे फोन वाढतात, फोन वाढले की तुला आणखी आवरासावर सुचते.

पुढच्या वेळी बॅग दाराशीच बंद ठेव. हातात काही न घेता वीस मिनिटं त्याच्याजवळ बस. पहिली पाच मिनिटं तो तक्रारच करेल. खुलासे देऊ नकोस. सातव्या-आठव्या मिनिटाला तुला काहीतरी ‘महत्त्वाचं’ आठवेल आणि उठावंसं वाटेल. नेमकं तेव्हाच उठायचं नाही.

असं चार-पाच दौरे कर. फोन मोजू नकोस, ते सगळ्यात शेवटी कमी होतील. तू आल्यावर तो किती वेळात निवांत होतो, तेवढं बघ. तो फोनवर तू कुठे, कोणाबरोबर याचे पुरावे मागत असेल, तर तो पाळतीचा प्रकार आहे. मग वीस मिनिटांचं विसर आणि मला पुन्हा लिही.