मुलाचं नाव घराला लावायचं की नाही?

*मी ७२ वर्षांचा. पत्नी हयात नाही. घर स्वकष्टार्जित, माझ्या एकट्याच्या नावावर. मुलगा म्हणतो, "बाबा, आत्ताच माझं नाव सहमालक म्हणून लावा, पुढे कटकट नको." मुलगी सासरी आहे, तिची काही तक्रार नाही. लावू का?*

काका, माझं मत विचाराल तर लावू नका. मुलगा वाईट म्हणून नव्हे. मालकाच्या हयातीत 'नाव लावणं' म्हणजे बहुतेक वेळा घराचा हिस्सा नोंदणीकृत बक्षीसपत्राने देऊन टाकणं. त्या दिवसापासून तो हिस्सा त्याचा. त्याचं कर्ज थकलं तर धनको त्या हिश्शावर जप्ती आणू शकतो, आणि तुम्हाला पूर्ण घर विकायचं झालं तर त्याची सही लागते. मन बदललं म्हणून बक्षीसपत्र रद्द होत नाही. 'माझ्या मर्जीने परत घेईन' अशी अट घातली, तर ते बक्षीसच कायद्याने टिकत नाही.

याहून अवघड प्रसंग कोणी डोळ्यांसमोर आणत नाही, तो म्हणजे मुलगा आधी जाणं. असं बोलणं बरं वाटत नाही, पण वकिलाला बोलावंच लागतं. समजा तुम्ही अर्धं घर त्याला दिलंत आणि तो मृत्युपत्र न करता, पत्नी व दोन लहान मुलं मागे ठेवून गेला. हिंदू वारसा कायद्यात मुलाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत आई येते, वडील येत नाहीत. म्हणजे तो अर्धा हिस्सा सून आणि दोन नातवंडांकडे जातो, तुमच्याकडे काहीच परत येत नाही. पुढे घर विकायचं झालं तर अज्ञान नातवंडांच्या हिश्शासाठी न्यायालयाची परवानगी काढावी लागते. तोवर तुम्ही ऐंशीला टेकलेले असता.

मुलीचाही हिशेब करा. अर्धं आज मुलाला दिलंत आणि उरलेल्याचं मृत्युपत्र केलं नाहीत, तर ते दोघांत समान वाटलं जाईल. मुलाकडे पाऊण घर, मुलीकडे पाव. हेच मनात असेल तर हरकत नाही, पण ते नकळत होऊ नये. आज तक्रार नाही म्हणून तेव्हाही नसेल, असं धरू नका.

'कटकट नको' एवढंच कारण असेल तर मृत्युपत्र करा. दोन साक्षीदारांसमोर सही करा, ज्यांना घर मिळणार त्यांना साक्षीदार घेऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून ठेवा. ते हयातीत केव्हाही बदलता येतं. बिलं आणि कार्यालयातल्या खेपा यांसाठी मुलाला त्या कामांपुरतं मुखत्यारपत्र द्या, त्यात विक्रीचा अधिकार घालू नका.

तरीही द्यायचंच ठरलं, तर बक्षीसपत्रात दोन गोष्टी लेखी हव्यात: हयातभर या घरात राहण्याचा तुमचा हक्क, आणि मुलाने तुमचा सांभाळ करण्याची अट. अट मोडली तर ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडे व्यवहार रद्द करून मागता येतो. अट कागदावर नसेल, तर ती होती हे सिद्ध करण्यातच दमछाक होते. आणि मसुदा मुलाच्या वकिलाकडून नको, तुमच्या वकिलाकडून करून घ्या.